वर्तनवाद आणि ज्ञानरचनावाद : शिकणाऱ्याला ज्ञान कसे मिळते (नमुना उत्तर)

प्रश्न : विद्यार्थी ज्ञान कसे मिळवतो, याविषयी वर्तनवादी आणि ज्ञानरचनावादी भूमिकांची सोदाहरण तुलना करा. (गुण १५)

उत्तर :

वर्तनवाद आणि ज्ञानरचनावाद या शिकण्याविषयीच्या दोन विचारधारा आहेत. वर्तनवादाच्या मते शिकणे म्हणजे अनुभवामुळे वर्तनात होणारा टिकाऊ बदल. ज्ञानरचनावादाच्या मते शिकणे म्हणजे जवळ असलेल्या कल्पनांच्या आधारे नवा अर्थ लावणे आणि गरज पडल्यास त्या कल्पनाच बदलणे. बहुतेक उत्तरपत्रिकांमध्ये पुढे लगेच दोन रकान्यांचा तक्ता येतो : एकीकडे शिक्षक सक्रिय, दुसरीकडे विद्यार्थी सक्रिय. हा फरक खरा नाही. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या, एकेक प्रश्न देऊन उत्तर लगेच ताडून दाखवणाऱ्या अध्यापन यंत्रासमोर बसलेले मूल दर मिनिटाला उत्तर लिहीत असते, त्याला निष्क्रिय कसे म्हणणार? खरा फरक दिसतो तो चुकलेल्या उत्तराकडे पाहताना, आणि त्याहून जास्त बरोबर आलेल्या उत्तराकडे पाहताना. म्हणून या उत्तरात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे.

वर्तनवादी विचाराची सुरुवात प्राण्यांवरच्या प्रयोगांतून झाली. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांना कडी असलेल्या पेटीत ठेवून ती बाहेर कशी पडतात ते पाहिले. मांजर आधी वाटेल तसे ओरबाडते, मग कधीतरी कडी निघते आणि बाहेरचे अन्न मिळते. पुढच्या प्रत्येक खेपेला निरुपयोगी हालचाली कमी होत जातात. ज्या प्रतिसादानंतर समाधान मिळते तो प्रतिसाद त्या प्रसंगाशी जोडला जातो, हा त्याचा परिणामाचा नियम. हीच ‘जोड’ त्याने पुढे शालेय अंकगणितात वापरली. ७ × ८ पाहिले की ५६ आठवणे ही त्याच्या दृष्टीने एक जोड होती आणि सराव व यश यांनी ती पक्की होत असे.

स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. तिथे सगळी मुले एकाच वेगाने उदाहरणे सोडवत होती आणि उत्तर बरोबर की चूक हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळणार होते. प्रबलन, म्हणजे प्रतिसाद पक्का करणारे फळ, प्रतिसादापाठोपाठ मिळाले नाही तर ते फारसे काम करत नाही, हे तो प्रयोगशाळेतून जाणत होता. यातून क्रमान्वित अध्ययन उभे राहिले. त्यात आशयाच्या लहान लहान चौकटी असतात, प्रत्येक चौकटीला लेखी प्रतिसाद द्यायचा, उत्तर लगेच ताडून पाहायचे आणि ज्याने त्याने आपल्या गतीने पुढे जायचे. मूल वारंवार चुकले तर चौकट चुकली, मूल नव्हे, ही स्किनरची भूमिका होती. तिच्यातली करुणा आपण विसरता कामा नये.

ज्ञानरचनावादाचा उगम वेगळ्या निरीक्षणात आहे. पियाजे तरुणपणी पॅरिसमध्ये बुद्धिमापनाच्या चाचण्यांवर काम करत होता. बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरे त्याला बोलकी वाटली, कारण एका वयाची मुले एकाच प्रकारे चुकत होती. म्हणजे चुकीमागे काही विचार होता. नवा अनुभव मूल आधी आपल्या विचाराच्या जुन्या चौकटीत बसवते, याला तो सात्मीकरण म्हणतो. अनुभव बसेनासा झाला की असमतोल निर्माण होतो आणि चौकटच बदलावी लागते. हे समायोजन. व्हिगॉट्स्कीने यात माणसे आणि भाषा आणली : मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्यांमधले अंतर म्हणजे त्याचे निकटवर्ती विकास क्षेत्र, आणि अध्यापनाची जागा तिथे आहे.

आता उदाहरण. ते १९७३ मध्ये स्टॅन्ले अर्लवांगर या संशोधकाने प्रसिद्ध केले. मुलाला त्याने बेनी हे नाव दिले होते. बेनी अमेरिकेतल्या एका शाळेत सहावीत होता, वय १२. त्याच्या शाळेत गणित एका व्यक्तिगत कार्यक्रमाने शिकवले जाई. हा कार्यक्रम पिट्सबर्ग विद्यापीठात १९६० च्या दशकात तयार झाला होता आणि त्याची बांधणी वर्तनवादी होती : उद्दिष्टे निरीक्षण करता येतील अशा वर्तनात लिहिलेली, प्रत्येक उद्दिष्टासाठी पुस्तिका, आधी आणि नंतर चाचणी, आणि ८० टक्के किंवा अधिक गुण मिळाले तरच पुढचे उद्दिष्ट. मूल आपापली पुस्तिका सोडवी आणि शिक्षिका किंवा मदतनीस उत्तरसूचीवरून ती तपासे. बेनी दुसरीपासून याच पद्धतीने शिकत होता आणि त्याच्या शिक्षिकेच्या मते चांगली प्रगती करणाऱ्या मुलांपैकी होता.

अर्लवांगरने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. ५/१० चे दशांश रूप काय, असे विचारल्यावर बेनीने १.५ सांगितले. २/१० म्हणजे १.२. त्याची रीत अशी होती : अंश आणि छेद मिळवायचे आणि आलेल्या संख्येत दशांश चिन्ह ठेवायचे. ४ आणि ११ मिळून १५, म्हणून ४/११ म्हणजे १.५. आणि ११/४ सुद्धा १.५. ४०० भागिले ४०० म्हणजे ८.००. बेरीज विचारली तर ०.३ + ०.४ = ०.०७, कारण दोन्ही संख्यांत दशांश चिन्हानंतर एकेक अंक आहे, म्हणून उत्तरात दोन हवेत. गुणाकार मात्र तो बरोबर करत होता : ०.७ × ०.५ = ०.३५.

हे शेवटचे दोन हिशेब शेजारी ठेवून नीट पाहावेत. ०.३५ आणि ०.०७ ही दोन्ही उत्तरे एकाच नियमातून निघाली आहेत. उत्तरसूची पहिल्यावर बरोबरची खूण करते आणि दुसऱ्यावर फुली. बेनीच्या डोक्यात मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट चालू आहे : दशांश चिन्हानंतरचे अंक मोजणे. पुस्तिकेतले बरोबर उत्तर त्याला गुणाकार समजल्याचा पुरावा नव्हते.

आणखी एक गोष्ट बेनी शिकला होता, जी कोणत्याही पुस्तिकेच्या उद्दिष्टांत नव्हती. सूचीत २/४ असेल आणि त्याने १/२ लिहिले तर फुली मिळे. दोन्ही सारखे आहेत हे त्याला माहीत होते. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की उत्तरे वेगळी दिसली तरी खरी असू शकतात, फक्त सूचीत असलेलेच उत्तर मानले जाते, आणि गणित म्हणजे ते उत्तर शोधत फिरणे. नियम कुणीतरी केलेले आहेत आणि प्रत्येक प्रकारच्या उदाहरणाला वेगळा नियम आहे, असा त्याचा समज झाला होता. प्रबलन तर नेमके चालू होते. त्याने बळकट झाले ते सूचीशी जुळणारे उत्तर शोधण्याचे वर्तन.

दोन्ही भूमिका या मुलाविषयी काय म्हणतील?

वर्तनवादी शिक्षक म्हणेल की कार्यक्रमाची मांडणी सदोष होती. बेरजेची उदाहरणे एका पुस्तिकेत आणि गुणाकाराची दुसऱ्या, त्यामुळे चिन्ह पाहून रीत निवडण्याचा, म्हणजे भेदनाचा सराव मुलाला मिळालाच नाही. उपाय असा : दशांश स्थानाच्या पायरीवर मागे जायचे, ‘३ दशांश + ४ दशांश = __ दशांश’ अशी चौकट द्यायची, मग तेच अंकांत लिहून घ्यायचे, आधार हळूहळू काढायचा आणि शेवटी बेरीज व गुणाकार मिसळून द्यायचे. हे उत्तर मला हलके वाटत नाही. मिसळलेला सराव देताच ही चूक पहिल्याच पानावर उघडी पडली असती.

रचनावादी शिक्षक आधी मुलाला बोलते करील : “तू हे कसे काढलेस, मला दाखव.” अर्लवांगरने तेच केले, आणि म्हणूनच नियम सापडला. मग तो असा प्रसंग शोधील ज्यात मुलाचा नियम मुलालाच अडचणीत आणेल. ३० पैसे आणि ४० पैसे मिळून ७ पैसे कसे होतील? मोजपट्टीवर ०.३ मीटरची पट्टी आणि तिला जोडून ०.४ मीटरची पट्टी ठेवली, तर टोक ०.०७ मीटरवर, म्हणजे ७ सेंटिमीटरवर येईल का? एकटी पहिलीच पट्टी ३० सेंटिमीटरची आहे.

पण इथे रचनावादाची मर्यादाही स्पष्ट लिहावी. आपल्याला दिसणारी विसंगती मुलाला जाणवेलच असे नाही. ४/११ आणि ११/४ दोन्ही १.५ आले, तरी बेनीला त्यात वावगे वाटले नाही. त्याच्या लेखी नियम पाळला होता, मग उत्तर बरोबर. असमतोल शिक्षकाने आणला म्हणून येत नाही. संख्येला काहीतरी आकारमान असते, ही कल्पना मुलाजवळ आधी हवी.

दुसरी मर्यादा ज्ञानाच्या प्रकाराची आहे. पियाजेने सामाजिक ज्ञान तार्किक-गणिती ज्ञानापासून वेगळे काढले होते. दशांश चिन्ह टिंबाने दाखवायचे, ‘क’ या आकाराचा उच्चार असा करायचा, हे संकेत आहेत. कितीही विचार केला तरी ते शोधून काढता येत नाहीत, ते सांगावेच लागतात आणि सरावाने हातात बसतात. नवशिक्याला फार थोडे मार्गदर्शन देऊन शोधायला सोडले तर त्याच्या कार्यरत स्मृतीवर ताण येतो आणि सोडवून दाखवलेली उदाहरणे त्याला जास्त उपयोगी पडतात, असा आक्षेप कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये घेतला. पाढे पाठ असलेल्या मुलाला छेद समान करताना जी मोकळीक मिळते, ती वर्गात उभे राहिलेल्या प्रत्येकाने पाहिली आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानरचनावादी भूमिका घेतली आणि त्यानंतर हा शब्द महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत सर्वांच्या तोंडी झाला. अनेक वर्गांत फरशीवर अंकांचे आणि अक्षरांचे तक्ते रंगवले गेले, मुले जमिनीवर गटाने बसू लागली. पण फरशीवरच्या चौकोनांत उड्या मारत मूल फक्त ठरलेले उत्तर म्हणत असेल आणि बरोबर आले की टाळ्या मिळत असतील, तर तो स्वच्छ वर्तनवाद आहे, साहित्य कोणतेही असो. उलट, फळा आणि खडू एवढ्यावरही रचनावादी तास होतो.

वर्ग कोणत्या बाजूचा आहे हे ओळखायचे असेल तर बरोबर उत्तरानंतर काय होते ते पाहावे. मुलाने ०.७ × ०.५ = ०.३५ लिहिले. एक शिक्षक शाबासकी देऊन पुढचे उदाहरण देतो. दुसरा विचारतो, “०.७ चे निम्मे केलेस. मग उत्तर ०.७ पेक्षा लहान यायला हवे की मोठे? आणि हेच दोन मिळवले असते तर?”