कार्यालयीन आदेशातील ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ : ती तारीख धरायची की सोडायची?
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, ठाणे)

वागळे इस्टेट, रबाळे आणि महापे येथील लहान कारखान्यांची व कार्यालयांची पगारपत्रके तयार करणे आणि नियुक्ती, बढती, बदली व कार्यमुक्तीचे आदेश लिहून देणे हे आमचे रोजचे काम आहे. या कामात मालक आणि कर्मचारी दोघांकडूनही एक प्रश्न वारंवार येतो. आदेशात ‘विथ इफेक्ट फ्रॉम 15 जुलै’ असे लिहिले असेल, तर 15 जुलै हा दिवस आदेशात मोडतो की आदेश 16 जुलैला लागू होतो? प्रश्न एका दिवसाचा असला तरी पगार, भविष्य निर्वाह निधीची नोंद आणि सेवेचा दाखला या तिन्ही ठिकाणी तोच दिवस अडचण करतो, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

थोडक्यात सांगायचे तर ती तारीख धरली जाते. ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ म्हणजे अमुक तारखेपासून अंमल. आदेशाने जी नवी स्थिती निर्माण होते, मग ती नवे पद असो, नवा पगार असो किंवा नवे ठिकाण असो, ती त्या तारखेच्या अगदी आरंभी, म्हणजे आदल्या दिवसाची मध्यरात्र उलटताच लागू होते. कायद्यातही हीच कल्पना आहे. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे, वेगळे काही म्हटले नसेल तर केंद्रीय कायदा आपल्या प्रारंभाच्या तारखेच्या आदला दिवस संपताक्षणीच अंमलात आला असे मानले जाते. हे कलम कायद्यांसाठी आहे, एखाद्या कारखान्याच्या पत्रासाठी नाही. तरीही तारखेचा दिवस अखंड धरायचा हा विचार कार्यालयीन आदेश वाचतानाही तसाच लावला जातो.

एक बढतीचा आदेश घेऊ. कर्मचाऱ्याचा मासिक पगार 31,000 रुपये आहे आणि 15 जुलै 2025 पासून तो 37,200 रुपये होतो. जुलै 31 दिवसांचा असल्याने जुना दर दिवसाला 1,000 रुपये आणि नवा दर 1,200 रुपये पडतो. 1 ते 14 जुलै हे 14 दिवस जुन्या दराने धरले की 14,000 रुपये होतात. 15 ते 31 जुलै हे 17 दिवस नव्या दराने धरले की 20,400 रुपये होतात. महिन्याचा एकूण पगार 34,400 रुपये. हिशेबनीसाने 15 तारीख जुन्या दरात टाकली तर ही रक्कम 34,200 रुपये येते आणि कर्मचाऱ्याचे 200 रुपये विनाकारण कमी होतात. पगारपत्रक तपासताना नव्या दराचे दिवस मोजावेत. महिन्याच्या एकूण दिवसांतून तारखेचा आकडा वजा करून एक मिळवला की ते मिळतात. येथे 31 वजा 15 अधिक 1, म्हणजे 17. तो ‘अधिक 1’ विसरला की चूक झालीच.

मग पहिला दिवस सोडण्याचा नियम लोकांनी ऐकलेला असतो, तो कुठला? तो नियमही खरा आहे, पण तो मुदतीचा आहे. त्याच अधिनियमाचे कलम 9 सांगते की दिवसांची मालिका किंवा एखादा कालावधी मोजताना ‘पासून’ या शब्दाने पहिला दिवस वगळला जातो. नोटीस 3 जूनला मिळाली आणि ‘मिळाल्यापासून 30 दिवसांत’ उत्तर द्यायचे असेल, तर 4 जून हा पहिला दिवस आणि 3 जुलै हा तिसावा दिवस होय. येथे ‘पासून’ हा शब्द मोजणीचा आरंभबिंदू सांगतो. बढतीच्या आदेशात मात्र मोजायचे काही नसते. तेथे ‘पासून’ हा शब्द स्थिती कधी बदलते एवढेच सांगतो. ‘सोमवारपासून कार्यालयाची वेळ सकाळी साडेनऊ’ अशी सूचना वाचून सोमवारी जुन्या वेळेला कोणी येत नाही. दोन निरनिराळ्या कामांना आपण एकच शब्द वापरतो आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

या दोन्हींच्या सीमेवर एक प्रकार आहे. ‘1 जुलै 2025 पासून एक वर्षासाठी नियुक्ती’ या वाक्यात स्थितीही बदलते आणि कालावधीही मोजायचा असतो. कर्मचारी 1 जुलैला कामावर हजर असतो, त्यामुळे तो दिवस सेवेत असतोच. मग वर्ष 30 जून 2026 ला संपते की 1 जुलै 2026 ला, असा वाद उभा राहू शकतो. मालमत्तेच्या भाडेपट्ट्यांबाबत तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 110 मुदत मोजताना पहिला दिवस वगळायला सांगते, आणि भाडेपट्टे हाताळलेली मंडळी नेमकी तीच सवय नियुक्तिपत्रात आणतात. आमचा आग्रह असा असतो की मुदतीच्या नियुक्तीत ‘पासून’ लिहूच नये; ‘1 जुलै 2025 ते 30 जून 2026, दोन्ही दिवस धरून’ असे लिहावे.

खरी अडचण मात्र नोकरी संपवणाऱ्या आदेशांत येते. बढतीच्या आदेशात तारीख धरली की कर्मचाऱ्याला एक दिवस मिळतो. राजीनामा किंवा कार्यमुक्तीच्या आदेशात तोच नियम लावला की एक दिवस जातो. ‘विथ इफेक्ट फ्रॉम 31 ऑक्टोबर कार्यमुक्त’ याचा शब्दशः अर्थ असा की 31 ऑक्टोबरच्या सकाळी तो मनुष्य कर्मचारी राहिलेला नाही आणि त्याच्या सेवेचा शेवटचा दिवस 30 ऑक्टोबर आहे. लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा हे नसते. त्याला 31 ऑक्टोबर हा शेवटचा कामाचा दिवस म्हणायचा असतो, पण हाताला सवयीचा शब्द ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ असतो, तो उतरतो.

आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणात हेच घडले होते. एका ताईंनी 31 ऑक्टोबर 2025 चा पूर्ण दिवस काम करून सायंकाळी आपल्या जागेचा कार्यभार सोपवला आणि 1 नोव्हेंबरला ऐरोलीतील नव्या ठिकाणी त्या रुजू झाल्या. जुन्या कार्यालयाच्या आदेशात ‘31 ऑक्टोबरपासून कार्यमुक्त’ असे होते. हिशेबनीसाने आदेश अक्षरशः वाचला आणि 27,900 रुपयांच्या पगारातून एका दिवसाचे 900 रुपये कमी करून 27,000 रुपये दिले. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतही सेवा सोडल्याची तारीख 30 ऑक्टोबर पडली. हजेरीपटावर 31 तारखेची सही होती, ती सोबत जोडून आदेशाचे शुद्धिपत्रक काढायला सांगितले. त्यात ‘31 ऑक्टोबर 2025 रोजी कार्यालयीन वेळेनंतर कार्यमुक्त’ असा बदल झाल्यावर 900 रुपये मिळाले. निधीच्या नोंदीतील तारखेसाठी मात्र मालक आणि कर्मचारी यांचे संयुक्त घोषणापत्र द्यावे लागले, आणि शुद्धिपत्रकाच्या मानाने ते काम पुष्कळ लांबले.

उलट चूकही तितकीच आढळते. आदेश बरोबर असतो, ‘1 नोव्हेंबरपासून कार्यमुक्त’, म्हणजे शेवटचा दिवस 31 ऑक्टोबर. पण नोंद करणारा आदेशातील तारीख जशीच्या तशी उचलून ‘डेट ऑफ एग्झिट’ या रकान्यात 1 नोव्हेंबर भरतो. त्या रकान्यात सेवेचा शेवटचा दिवस अपेक्षित असतो, सेवेबाहेरचा पहिला दिवस नव्हे. नव्या मालकाने रुजू होण्याची तारीखही 1 नोव्हेंबर भरली की तो एक दिवस दोन्ही नोकऱ्यांच्या नावावर पडतो, आणि पुढे जुन्या खात्यातील रक्कम नव्या खात्यात घेताना या एकमेकांवर चढलेल्या तारखांबद्दल विचारणा होऊ शकते. म्हणून नोकरी बदलल्यावर आपल्या सेवेच्या नोंदीत दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. जुन्या नोकरीची शेवटची तारीख ही नव्या नोकरीच्या पहिल्या तारखेच्या निदान एक दिवस आधीची असली पाहिजे.

सरकारी कार्यालयांनी हा प्रश्न ‘मध्याह्नपूर्व’ आणि ‘मध्याह्नोत्तर’ हे दोन शब्द वापरून सोडवला आहे. केंद्र सरकारच्या मूलभूत नियम 56 प्रमाणे कर्मचारी ज्या महिन्यात 60 वर्षांचा होतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मध्याह्नोत्तर निवृत्त होतो. म्हणजे तो शेवटचा दिवस त्याच्या सेवेत मोजला जातो. ज्यांचा जन्म महिन्याच्या 1 तारखेचा आहे ते आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात, याचे कारणही दिवस अखंड धरण्यातच आहे. जन्मदिवस हा वयाचा पहिला दिवस धरला की 60 वे वर्ष साठाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण होते. 1986 साली प्रभुदयाल सेसमा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वयाची गणना याच रीतीने केली होती.

खासगी आस्थापनांनी मध्याह्नाचे शब्द वापरलेच पाहिजेत असे नाही. पण कार्यमुक्तीच्या आदेशात ‘पासून’ हा शब्द टाळावा आणि पूर्ण वाक्य लिहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही स्वतः पुढील मजकूर वापरतो: ‘आपला राजीनामा स्वीकारण्यात आला असून आपणास दिनांक 31 ऑक्टोबर 2025 रोजी कार्यालयीन वेळ संपताच कार्यमुक्त करण्यात येत आहे. दिनांक 31 ऑक्टोबर 2025 हा आपल्या सेवेचा शेवटचा दिवस राहील.’ दुसरे वाक्य पुनरुक्तीसारखे वाटेल, पण पगार काढणारा आणि निधीची नोंद भरणारा ही बहुधा दोन वेगळी माणसे असतात आणि दोघांनाही तेच वाक्य हवे असते.

हातात आलेला आदेश संदिग्ध वाटला तर एकच प्रश्न विचारावा: त्या तारखेच्या सकाळी मी कोणत्या पदावर, कोणत्या पगारावर होतो? उत्तर ‘नव्या’ असे हवे. कार्यमुक्तीच्या आदेशात ते उत्तर ‘सेवेबाहेर’ असे निघत असेल आणि त्या दिवशी आपण प्रत्यक्ष काम केले असेल, तर आदेश दुरुस्त करून घेणे आवश्यक आहे. शक्य तर पगार निघण्यापूर्वीच. असे आदेश आमच्याकडे आणताना सोबत राजीनामापत्राची प्रत, त्या महिन्याच्या हजेरीपटाची प्रत आणि नव्या ठिकाणचे नियुक्तिपत्र आणावे. राजीनामापत्रात आपण स्वतः कोणती तारीख आणि कोणता शब्द लिहिला होता हे आम्ही सर्वात आधी पाहतो, कारण आदेशातील चूक पुष्कळदा तेथूनच उतरलेली असते.