रंगस्पर्श तपासणी (स्क्रॅचमधील भुलभुलैया खेळ)

भुलभुलैयातील भिंत ओळखण्यासाठी स्क्रॅचमध्ये `touching color` हा ब्लॉक वापरतात. स्प्राइट आपल्या जागी दिलेल्या रंगाला टेकला आहे का, याचे तो हो किंवा नाही असे उत्तर देतो. स्क्रॅच ही एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने विकसित केलेली भाषा असून ती 2007 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. पुढील विवेचन 2019 च्या आरंभी आलेल्या 3.0 आवृत्तीला धरून आहे.

खेळाडू भिंतीतून आरपार जातो तेव्हा त्याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिल्यानुसार हा ब्लॉक फक्त खेळाडूच्या खालच्या लेयरचा रंग पाहतो, म्हणून खेळाडूला `go to front layer` दिले की काम भागते. दुसऱ्यानुसार खेळाडूला वगळून उरलेल्या सर्व दृश्य गोष्टींचे एकच चित्र तयार होते आणि त्यातला रंग तपासला जातो. चित्र रेखाटणाऱ्या भागाचा खुला स्रोत पाहता दुसरे मत ग्राह्य वाटते. खेळाडू स्वतः त्या चित्रात नसतोच, त्यामुळे तो वर असो वा खाली, उत्तर बदलत नाही. निर्णायक ठरतो तो बाकीच्या स्प्राइटांचा आपसातील क्रम.

उदाहरणार्थ, बॅकड्रॉपवर `#0000ff` या निळ्या रंगाच्या भिंती आहेत आणि अंधार दाखवण्यासाठी काळा स्प्राइट `ghost` 50 ठेवून वर पसरला आहे. तपासणीच्या चित्रात भिंतीचा निळा घटक 255 वरून सुमारे 128 वर येतो आणि भिंत ‘दिसत’ नाही. रंग जुळवताना थोडी सवलत मिळते: लाल व हिरव्या घटकांचे वरचे पाच बिट आणि निळ्याचे वरचे चार बिट जुळले तरी पुरते. ही सवलत बहुधा आधीच्या आवृत्तीतून आली असावी. म्हणजे निळ्यात जास्तीत जास्त पंधराचा फरक खपतो; येथे तो शंभराहून अधिक आहे. भिंती वेगळ्या स्प्राइटमध्ये काढून `touching` ब्लॉकमध्ये त्या स्प्राइटचे नाव देणे हा यावरचा खात्रीचा उपाय होय. ती तपासणी आकारांची असते, वर पसरलेल्या अंधाराचा तिला अडथळा होत नाही. मात्र भिंतींचा स्प्राइट `hide` केलेला नसावा.

कडांचा दोष याहून चकवणारा आहे. रेषा गुळगुळीत दिसावी म्हणून तिच्या कडेचे पिक्सेल शेजारच्या रंगात मिसळतात. पांढऱ्यावरची एक पिक्सेल जाडीची काळी आडवी रेषा दोन ओळींच्या मधोमध पडली, तर दोन्ही ओळी करड्या होतात आणि शुद्ध काळा पिक्सेल कुठेच उरत नाही. रेषा चार-पाच पिक्सेल जाड ठेवली की मधला गाभा शुद्ध राहतो. ड्रॉपरने रंग उचलताना कडेचाच पिक्सेल हाती लागला तरी हीच गत होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: रंगाच्या चौकटीत काळ्यासाठी `Brightness` शून्याजवळ असायला हवे; ते 50 च्या आसपास दिसले, तर कड उचलली गेली आहे.

उलट प्रकार खेळाडूच्या कॉस्च्यूममुळे घडतो. चाल दाखवण्यासाठी `next costume` दिले की नव्या चित्रातला पाय भिंतीत शिरतो. मग कोणत्याही दिशेला पाऊल टाकले तरी तपासणी ‘हो’ म्हणते, पाऊल मागे घेतले जाते आणि खेळाडू जागीच खिळतो. कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेलही खेळाडूच्या आकारात धरले जातात, त्यामुळे डोळ्यांना भिंत आणि पाय यांत फट दिसत असतानाही हे होऊ शकते. तपासणीपुरता साधा चौकोनी कॉस्च्यूम घालणे येथे उपयोगी पडते:

```
switch costume to [चौकोन v]
change x by (4)
if <touching color [#0000ff]?> then
  change x by (-4)
end
switch costume to [चाल v]
```

मध्ये `wait` नसल्याने चौकोन पडद्यावर उमटत नाही. चौकोन चालीच्या चित्रांपेक्षा किंचित लहान असावा आणि सर्व कॉस्च्यूमांचा मध्यबिंदू एकाच ठिकाणी असावा, एवढी काळजी घ्यावी लागते.

काही जण चौकोनाचा वेगळा स्प्राइट करून त्याला `ghost` 100 देतात आणि खेळाडूचे चित्र त्याच्यामागे फिरवतात. पारदर्शक झाला तरी त्या स्प्राइटचा आकार तपासणीत धरला जातो, म्हणून ही युक्ती वरवर बिनचूक वाटते. परंतु आता खेळाडूचे चित्र हा चौकोनाच्या दृष्टीने दुसराच स्प्राइट ठरतो. ते भिंतीवर आले की नेमक्या त्याच जागी निळा रंग झाकते आणि रंगस्पर्श पुन्हा चुकतो. ही रचना ठेवायची असेल, तर रंगाऐवजी भिंतींच्या स्प्राइटशी स्पर्श तपासावा.