टोकन स्थलांतर

टोकन स्थलांतर – एखाद्या क्रिप्टो प्रकल्पाने जुन्या टोकनच्या जागी नवे टोकन आणणे आणि धारकांच्या शिलका जुन्यातून नव्यात नेणे. प्रकल्पाचे नाव बदलले, जुन्या टोकनचे नियम अपुरे पडू लागले किंवा प्रकल्प स्वतःच्या वेगळ्या ब्लॉकचेनवर, म्हणजे साखळीवर, गेला की हे करावे लागते. धारकाला याचा पत्ता बहुधा उशिरा लागतो. वॉलेट उघडले की आकडा जागच्या जागी असतो, पण त्याच्यासमोर किंमत शून्य दिसते. टोकन पाठवायला जावे तर व्यवहार फसतो, किंवा एक्स्चेंज ते स्वीकारत नाही. या लक्षणांमागची कारणे वेगवेगळी असतात, आणि पैसे वाचतात की जातात हे त्या कारणावर ठरते.

टोकन म्हणजे मुळात एक खातेवही असते. ईथेरियमवरच्या टोकनचे वॉलेटमध्ये काहीच साठवलेले नसते. कोणत्या पत्त्याच्या नावे किती शिल्लक, एवढी नोंद त्या टोकनच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये असते आणि वॉलेट ती वाचून दाखवते. ही वही चालवणारा कोड एकदा साखळीवर चढवला की, तशी सोय आधीच ठेवलेली नसेल तर, पुन्हा बदलता येत नाही. नियम बदलायचे तर दुसरी वही काढावी लागते. जुनी वही कोणी फाडत नाही, ती तिथेच राहते आणि तिच्यातली शिल्लकही तशीच दिसत राहते.

बँकांच्या विलीनीकरणाशी ताडून पाहिले तर फरक लक्षात येतो. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, पुढे त्यांचे जुने आयएफएससी कोड बंद झाले, पण खातेदारांची शिल्लक बँकेनेच नव्या वहीत नेली. टोकनच्या बाबतीत असे परस्पर करणारे सहसा कोणी नसते. जुन्या वहीतली तुमची नोंद हलवायची तर तुमच्या खाजगी किल्लीची सही लागते आणि ती किल्ली फक्त तुमच्याकडे असते. म्हणून ज्याच्या ताब्यात किल्ली त्यालाच स्थलांतर करावे लागते. टोकन एक्स्चेंजवर असेल तर किल्ली एक्स्चेंजची, त्यामुळे ते काम एक्स्चेंज करते.

अलीकडचे ठळक उदाहरण पॉलिगॉनचे आहे. जयंती कानानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाचे पहिले नाव मॅटिक नेटवर्क. २०२१ च्या फेब्रुवारीत त्याचे पॉलिगॉन झाले, पण टोकनचे चिन्ह `MATIC` हेच राहिले. पॉलिगॉनच्या चाचणी जाळ्याला बरीच वर्षे ‘मुंबई’ हे नाव होते, ते आपल्याकडच्या अनेक प्रोग्रामरांच्या ओळखीचे असेल. `MATIC` च्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एकूण १० अब्ज टोकनची मर्यादा कोडमध्येच पक्की होती. नव्या योजनेत जाळे राखणाऱ्यांना मोबदला देण्यासाठी आणि सामुदायिक निधीसाठी दरवर्षी मिळून सुमारे २ टक्के नवे टोकन काढायचे होते. जुन्या वहीत ते शक्य नव्हते, म्हणून `POL` आले. ४ सप्टेंबर २०२४ पासून पॉलिगॉनच्या साखळीवर शुल्कासाठी आणि स्टेकिंगसाठी, म्हणजे जाळे राखायला टोकन गुंतवून ठेवण्यासाठी, `POL` वापरात आहे. बदलाचे प्रमाण एकास एक.

त्या दिवशी कोणाला काय करावे लागले हे टोकन कुठे होते यावर ठरले. पॉलिगॉनच्या स्वतःच्या साखळीवर ज्यांचे `MATIC` होते त्यांना काहीच करावे लागले नाही. तिथे ते साखळीचे मूळ चलन होते, साखळीच्याच नियमांत ते `POL` झाले. स्टेकिंगमध्ये गुंतवलेले टोकनही स्टेकिंगच्या कॉन्ट्रॅक्टकडूनच बदलले गेले. बहुतेक मोठ्या एक्स्चेंजांनी आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे ग्राहकांच्या शिलका बदलून दिल्या. मागे राहिले ते ईथेरियमवर स्वतःच्या वॉलेटमध्ये `MATIC` ठेवणारे. शून्य किमतीची तक्रार जास्त करून यांचीच.

समजा एका धारकाकडे ईथेरियमवर १,५०० `MATIC` आहेत. त्याच्यासाठी स्थलांतराचा एक कॉन्ट्रॅक्ट ईथेरियमवर आहे, नव्या टोकनचा पहिला १० अब्जांचा साठा त्यात ठेवला गेला. त्याचे काम तीन ओळींत मावते:

```solidity
function migrate(uint256 amount) external {
    emit Migrated(msg.sender, amount);
    matic.safeTransferFrom(msg.sender, address(this), amount);
    polygon.safeTransfer(msg.sender, amount);
}
```

जुने टोकन धारकाकडून ओढून घ्यायचे आणि तेवढेच नवे त्याला द्यायचे. पण दुसऱ्याच्या नोंदीतून ओढून घ्यायला आधी परवानगी लागते, म्हणून व्यवहार दोन होतात. पहिल्यात धारक `MATIC` च्या कॉन्ट्रॅक्टला `approve` ने सांगतो की स्थलांतराच्या कॉन्ट्रॅक्टला माझे १,५०० टोकन घेऊ द्या. दुसऱ्यात स्थलांतराच्या कॉन्ट्रॅक्टचे `migrate` चालवतो. पॉलिगॉनच्या अधिकृत पोर्टलवर ही दोन बटणे एकामागून एक येतात. दोन्ही व्यवहार झाले की जुनी शिल्लक शून्य आणि नवी १,५०० होते. वॉलेटला नवे टोकन ओळखीचे नसेल तर ते आपोआप दिसत नाही. तेव्हा `POL` चा पत्ता हाताने जोडावा लागतो आणि टोकन हरवल्याची धास्ती तिथेच संपते.

या दोन्ही व्यवहारांचे शुल्क कामाच्या मापाने, म्हणजे गॅसने, मोजले जाते आणि ईथरमध्ये, म्हणजे ईथेरियमच्या मूळ चलनात, द्यावे लागते. वॉलेटमध्ये हजारो `MATIC` असोत, ईथर नसेल तर पहिले पाऊलही पडत नाही. `insufficient funds for gas` असा संदेश आला तर टोकनमध्ये दोष नाही, शुल्काला पैसे नाहीत एवढाच त्याचा अर्थ. हिशेबापुरते दोन्ही मिळून दीड लाख गॅस धरला आणि दर गॅसमागे १० ग्वेई, म्हणजे ईथरचे १० अब्जांश, असला तर खर्च ०.००१५ ईथर. थोडेसेच टोकन असणाऱ्याने गॅसचा दर उतरेपर्यंत थांबावे. `migrate` मध्ये मुदतीची अटच नसल्यामुळे घाई करायचे कारण नाही.

मग किंमत शून्य का दिसते? वॉलेट किंमत साखळीवरून घेत नाही. किमती गोळा करणाऱ्या सेवांकडून ती त्या टोकनच्या पत्त्यावर मागवते. एक्स्चेंजांवरची खरेदी-विक्री नव्या टोकनकडे गेली की जुन्याचा भाव येणे बंद होते किंवा त्याची नोंदच काढली जाते, आणि वॉलेट ० किंवा आडवी रेघ दाखवते. `MATIC` च्या बाबतीत हे शून्य फक्त पडद्यावरचे आहे. एकास एक बदलीचे दार उघडे आहे तोवर एका `MATIC` चे मोल एका `POL` इतकेच, वजा गॅस. या कॉन्ट्रॅक्टमध्ये उलट दिशेने जाण्यासाठी `unmigrate` सुद्धा ठेवले होते.

खरे नुकसान होते ते घाईत पाठवलेल्या टोकनचे. पत्ता सापडला म्हणून काही जण टोकन सरळ स्थलांतराच्या कॉन्ट्रॅक्टवर किंवा नव्या टोकनच्या पत्त्यावर पाठवतात. साध्या `transfer` मध्ये समोरच्या कॉन्ट्रॅक्टला टोकन आल्याचे कळतही नाही. जुन्या वहीत नोंद एका पत्त्यावरून दुसऱ्यावर जाते, `migrate` चालतच नाही आणि बदल्यात काही मिळत नाही. व्यवहार यशस्वी म्हणून हिरवा दिसतो, हेच त्यातले वाईट. तसेच ज्या एक्स्चेंजने जुने टोकन बंद केले तिथल्या जुन्या पत्त्यावर ते पाठवले तर साखळीवर ते पोहोचते पण खात्यात जमा होत नाही. तिथे किल्ली एक्स्चेंजकडे असल्याने ते परत मिळण्याची वाट असते, मात्र ती एक्स्चेंजच्या मर्जीवर आणि शुल्कावर.

दार बंद झाल्यावर काय होते ते ईओएस या दुसऱ्या क्रिप्टो प्रकल्पाच्या २०१८ मधल्या स्थलांतरात दिसले. त्यांची विक्री जवळजवळ वर्षभर ईथेरियमवरच्या तात्पुरत्या टोकनने चालली होती, पुढे स्वतंत्र साखळी निघायची होती. धारकाने आपल्या ईथेरियम पत्त्याशी ईओएसची सार्वजनिक किल्ली `register` ने जोडायची आणि शेवटच्या क्षणी घेतलेल्या नोंदीवरून नव्या साखळीवर त्याला खाते मिळायचे. २०१८ च्या जूनच्या सुरुवातीला विक्री संपल्यावर जुने टोकन कायमचे गोठवले गेले. त्यानंतर पाठवायचा प्रयत्न केला की व्यवहार `reverted` होतो आणि गॅस तेवढा जातो. नोंदणी चुकवलेल्यांपैकी ज्यांच्या पत्त्यावरून आधी एखादा व्यवहार गेला होता, त्यांची सार्वजनिक किल्ली त्या व्यवहाराच्या सहीवरून काढून त्यांना खाते देण्याची सोय झाली. जुने टोकन मात्र आजही वॉलेटमध्ये शिल्लक दाखवते, आणि तिथले शून्य खरे आहे.

दोन्हींतला फरक ओळखायला ईथेरियमवरच्या नोंदी दाखवणाऱ्या इथरस्कॅन या संकेतस्थळावर त्या टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचे पान उघडावे. अलीकडची हस्तांतरे दिसत असतील तर वही चालू आहे. `Read Contract` खाली `paused` किंवा `stopped` समोर `true` असेल तर ती गोठवलेली आहे, आणि मग प्रकल्पाने जुन्या धारकांसाठी मागे काही सोय ठेवली का, एवढेच पाहायचे उरते. नवा आकडा लहान आला म्हणूनही घाबरू नये, आधी प्रमाण पाहावे. २०२० मध्ये आवे या प्रकल्पाच्या १०० `LEND` चा १ `AAVE` झाला, तेव्हा १,५०० चे १५ होणे हाच बरोबर हिशेब होता.

स्थलांतराच्या काळात फसवणूक फार होते, कारण त्या दिवसांत अनोळखी पानावर वॉलेट जोडून `approve` करणे लोकांना साहजिक वाटते. खोट्या पानावरही हेच बटण असते, फक्त परवानगी स्थलांतराच्या कॉन्ट्रॅक्टऐवजी चोराच्या पत्त्याला जाते. सही करण्यापूर्वी वॉलेट `spender` चा पत्ता दाखवते. तो प्रकल्पाच्या अधिकृत कागदपत्रांतल्या पत्त्याशी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहावा, आणि रक्कम ‘अमर्याद’ असेल तर ती आपल्या शिलकेइतकी करावी. या नोंदीत पत्ते मुद्दाम दिलेले नाहीत; ते मूळ ठिकाणाहूनच घ्यावेत. सीड फ्रेज, म्हणजे ज्या शब्दांवरून वॉलेटची किल्ली पुन्हा मिळते ते शब्द, मात्र स्थलांतराच्या कोणत्याही पायरीत लागत नाही. ती विचारली गेली तर पान तिथेच बंद करावे, आणि आधीच दिली असेल तर वॉलेटमधले बाकीचे सगळे त्याच क्षणी नव्या वॉलेटमध्ये हलवावे.