अर्धवट साबणाची किंमत अर्धी नसते

परवा रबाळ्याच्या एमआयडीसीत एका मित्राच्या साबणाच्या युनिटवर गेलो होतो, 31 मार्चचा स्टॉक मोजायला. मिक्सरजवळ दोन हजार किलो माल ट्रॉल्यांमध्ये पडलेला, ना कच्चा ना तयार, आणि मित्र म्हणाला, "चाळीस टक्के काम झालंय ना, मग चाळीस टक्के किंमत धर आणि मोकळा हो." हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की आज लिहायलाच बसलो.

साबण कसा बनतो ते आधी बघू. बाजारातून आणलेले साबणाचे नूडल्स, रंग, सुगंध हे सगळं पहिल्याच टप्प्याला मिक्सरमध्ये पडतं. मग तो लगदा रोलर मिलमधून जातो, नंतर प्लॉडरमधून लांब कांडी निघते, ती कापायची, शिक्का मारायचा, शेवटी रॅपर. म्हणजे ट्रॉलीतल्या मालात मटेरियल शंभर टक्के घालून झालंय, रॅपर शून्य टक्के, आणि मजुरी, वीज, मशीनचा खर्च मात्र थोडाच. एकाच ट्रॉलीला तीन वेगवेगळे टक्के! सगळ्याला मिळून एकच टक्का लावला की तिथेच घोळ.

मार्च महिन्याचे आकडे घेऊ (1 तारखेला फ्लोअर रिकामा होता, त्यामुळे सोपं आहे, आणि रॅपरचा खर्च बाजूला ठेवतो, तो तयार मालाचाच). 10,000 किलो माल मशीनवर टाकला, 8,000 किलो पूर्ण झाला, 2,000 किलो ट्रॉलीत. मटेरियल 12,00,000 रुपयांचं, मजुरी-वीज-मशीन मिळून 3,52,000. आता प्रश्न असा की या खर्चात पूर्ण मालाएवढं काम नक्की किती किलोचं झालं? मटेरियलच्या बाबतीत 10,000 किलोचं, कारण सगळ्यात मटेरियल आहेच, म्हणजे किलोला 120 रुपये. मजुरी-विजेच्या बाबतीत 8,000 अधिक 2,000 चे चाळीस टक्के म्हणजे 800, एकूण 8,800 किलोचं, म्हणजे किलोला 40 रुपये. या 8,800 ला म्हणतात इक्विव्हॅलंट युनिट. अर्धवट असलेले दोन हजार किलो कामाच्या हिशोबाने आठशे पूर्ण किलोंच्या बरोबरीचे.

मग ट्रॉलीतला माल: मटेरियल 2,40,000, वर 800 गुणिले 40 म्हणजे 32,000, एकूण 2,72,000 रुपये. तयार माल 8,000 गुणिले 160, म्हणजे 12,80,000. बेरीज 15,52,000, खर्च तेवढाच, पैसा जुळला. मित्राच्या पद्धतीने सगळ्याला चाळीस टक्के लावले असते तर ट्रॉलीतला माल जेमतेम 1,41,000 चा दिसला असता आणि तयार साबण किलोला 176 रुपयांना पडला असता. त्या भावावर कोटेशन दिलं की ऑर्डर गेलीच समजा, आणि मग मिक्सरला लिंबू-मिरची बांधा नाहीतर ऑफिसची दिशा बदला.

पण हे चाळीस टक्के आले कुठून? इथे बहुतेक लोक अंदाजपंचे ठोकतात. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, ऐंशी टक्के लिहा, 29 तारखेपासून पडलाय, आता फक्त कांडी, शिक्का आणि रॅपर राहिलंय." पण दिवस गेले म्हणून काम होत नाही, ट्रॉली नुसती उभी राहिली तर एक रुपयाचीही वीज लागत नाही. टक्का ठरतो खर्चाने. मागच्या महिन्यांच्या नोंदींवरून किलोमागचे 40 रुपये असे पडतात: मिक्सिंग आणि मिल 16, प्लॉडर-कटिंग-शिक्का 15, रॅपिंगची मजुरी 9. ट्रॉलीतला माल नुकता मिलमधून बाहेर आलेला, म्हणजे 16 भागिले 40, चाळीस टक्के.

ऐंशी लिहिले असते तर काय? इक्विव्हॅलंट युनिट 9,600, दर 36.67 वर उतरला, ट्रॉलीत 26,667 रुपये जास्त बसले आणि तयार साबण सगळा विकला गेला असेल तर मार्चचा नफा तेवढाच फुगला. एप्रिलमध्ये तोच खर्च ओपनिंग स्टॉक म्हणून डोक्यावर येतो, नफा तेवढाच खाली. पकडायचं कसं? विजेचं बिल आणि पगार तेवढेच, मालही तेवढाच, पण किलोमागचा मजुरी-विजेचा दर अचानक उतरला तर आधी मीटर नाही, ट्रॉलीचे टक्के तपासा.

महिन्याच्या सुरुवातीलाच अर्धवट माल असेल तर भानगड वाढते. वेटेड अ‍ॅव्हरेजमध्ये जुना आणि नवा खर्च एकत्र मिसळून भागतात, फिफोमध्ये जुन्या मालावर या महिन्यात जेवढं काम झालं तेवढंच धरतात, म्हणून नूडल्सचा भाव महिन्या-महिन्याला हलला की दोघांची उत्तरं वेगळी. ते पुन्हा कधीतरी.

मित्राने शेवटी सुपरवायझरला खडू दिला, ट्रॉलीवर "मिल झाली" की "शिक्का झाला" एवढंच लिहायचं. टक्का लिहायचा नाही, तो ऑफिसात ठरेल.