मालकीबदल आणि भाडेकरार (महाराष्ट्र)

भाड्याने दिलेली जागा मालकाने विकली किंवा कर्ज थकल्यामुळे बँकेने तिचा ताबा घेतला, तर आत राहणाऱ्याच्या कराराचे काय होते, याची ही नोंद आहे. नियम भारतभरच्या कायद्यांतून येतात. महाराष्ट्रात मात्र भाड्याची बहुतेक घरे लीव्ह अँड लायसन्सवर दिली जातात आणि त्यामुळे इथले उत्तर बरेच वेगळे निघते.

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायदा मात्र दोन वेगळी नाती मानतो. पहिले नाते भाडेपट्ट्याचे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 नुसार पट्ट्याने भाडेकरूला त्या जागेत हितसंबंध मिळतो, म्हणजे जागेच्या मालकीतला उपभोगाचा एक तुकडा ठरावीक काळापुरता त्याचा होतो. दुसरे नाते परवान्याचे, म्हणजेच लीव्ह अँड लायसन्सचे. ते सुविधाधिकार कायदा, 1882 खाली येते. त्यात राहणाऱ्याला जागेत कोणताही हक्क मिळत नाही. एरवी जे अतिक्रमण ठरले असते ते करण्याची परवानगी तेवढी मिळते. अकरा महिन्यांच्या करारात ‘सदर करारामुळे परवानाधारकास जागेत भाडेकरू म्हणून कोणताही हक्क प्राप्त होत नाही’ अशा अर्थाचे एक वाक्य जवळजवळ नेहमी असते. सही करताना ते कोणी वाचत नाही. जागा विकली जाते तेव्हा सगळा प्रश्न त्या एका वाक्यावर येऊन ठेपतो.

विक्री झाल्यास

पट्टा असेल तर विक्रीने तो संपत नाही. पट्टा कशाकशाने संपतो हे हस्तांतरण कायद्याच्या कलम 111 मध्ये दिले आहे आणि त्यात मालकाने जागा विकणे हे कारण नाही. कलम 109 नुसार खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. भाडे घेण्याचा हक्क त्याला मिळतो आणि भाडेकरूने आग्रह धरल्यास जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्याही त्याच्यावर येतात. नवा करार करावा लागत नाही, भाडेकरूची संमतीही लागत नाही. ‘जागेत कोणी राहते हे मला माहीत नव्हते’ असेही खरेदीदाराला म्हणता येत नाही. प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होती, असेच कायदा धरून चालतो.

याच कलमात भाडेकरूला उपयोगी पडणारी एक तरतूद आहे. विक्री झाल्याचे समजायला काही कारण नसताना त्याने जुन्या मालकाला भाडे दिले, तर तेच भाडे नव्या मालकाला पुन्हा द्यावे लागत नाही. विक्रीपूर्वीची थकबाकीही, वेगळे ठरले नसेल तर, जुन्या मालकाचीच राहते. म्हणून ‘मी आता मालक आहे, भाडे मला द्या’ असा फोन आला की खरेदीखताची किंवा सूची दोनची प्रत मागावी आणि जुन्या मालकाकडून लेखी दुजोरा घ्यावा. त्या दिवसापासून मात्र भाडे नव्या मालकाचे.

पागडीच्या आणि जुन्या भाडेकरूंना याहून मोठे संरक्षण आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कक्षेतल्या भाडेकरूला काढायचे तर कलम 15 किंवा 16 मध्ये दिलेले एखादे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. नव्या मालकालाही त्यातून सुटका नाही. गिरगाव-लालबागच्या चाळींनी किती मालक पाहिले असतील, पण खोल्यांतली कुटुंबे तीच राहिली, ती या संरक्षणामुळे.

लीव्ह अँड लायसन्सचे चित्र याच्या नेमके उलट आहे. सुविधाधिकार कायद्याचे कलम 59 म्हणते की परवाना देणाऱ्याने मालमत्ता हस्तांतरित केली, तर घेणारा त्या परवान्याने बांधला जात नाही. कराराची नोंदणी झालेली असली, मुदत शिल्लक असली, तीन वर्षांचा लॉक-इन असला, तरी हा करार जुन्या मालकात आणि परवानाधारकात झालेला असतो. खरेदीदार त्यात कुठेच नसतो. नोंदणीमुळे करार सिद्ध करता येतो. परवान्याचा पट्टा मात्र तिने होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी लोकांचे पैसे बुडतात.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडमधला एक फ्लॅट 1 जून 2024 पासून अकरा महिन्यांसाठी, म्हणजे 30 एप्रिल 2025 पर्यंत, दरमहा 24,000 रुपयांनी दिला आहे. डिपॉझिट 75,000 रुपये. 10 नोव्हेंबरला फ्लॅट विकला जातो आणि नवे मालक म्हणतात, आम्हाला स्वतः राहायला यायचे आहे. राहणाऱ्या कुटुंबाला एप्रिलपर्यंत राहण्याचा हट्ट नव्या मालकापुढे धरता येत नाही. पण त्याच दिवशी सामान रस्त्यावर, असेही नाही. कलम 63 नुसार जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो. कलम 64 नुसार, स्वतःची चूक नसताना मुदतीआधी बाहेर पडावे लागलेल्या परवानाधारकाला परवाना देणाऱ्याकडून, म्हणजे जुन्या मालकाकडून, भरपाई मागता येते. नव्या घराची दलाली, सामान हलवण्याचा खर्च, एप्रिलपर्यंत जास्त भरावे लागणारे भाडे, हे सगळे त्या मागणीत मांडता येते.

खरी अडचण 75,000 रुपयांची होते. डिपॉझिट जुन्या मालकाने घेतलेले, परत करण्याचे वचनही त्याचेच. तो म्हणतो, ‘ते मी व्यवहारात वळते केले, नव्यांकडून घ्या.’ नवे म्हणतात, ‘आम्हाला काही मिळालेले नाही.’ यावर उपाय विक्रीच्या आधीच करावा लागतो. घर बघायला माणसे येऊ लागली की समजावे. त्याच वेळी जुन्या मालकाला लेखी विचारावे की डिपॉझिट तुम्ही परत करणार की खरेदीदाराकडे वर्ग करणार. वर्ग करणार असतील तर खरेदीदाराची तशी सही घ्यावी, शक्य असल्यास खरेदीखतात तसा उल्लेख करून घ्यावा. नव्या मालकाला भाडेकरू हवाच असेल, तर त्याच्याबरोबर नवा परवाना करून तो नोंदवून घेणे हेच सरळ.

बँकेने ताबा घेतल्यास

बँक किंवा गृहवित्त कंपनी सहसा 2002 च्या सरफेसी कायद्याने वसुली करते. कर्ज थकीत ठरल्यावर कलम 13(2) खाली कर्जदाराला 60 दिवसांची मागणी नोटीस जाते. ती मालकाच्या नावाने जाते, भाडेकरूला तिचा पत्ताही नसतो. मुदत संपली की कलम 13(4) खाली ताबा घेतला जातो आणि भाडेकरूला सगळे पहिल्यांदा कळते ते तेव्हा. दारावर ताबा नोटीस चिकटवलेली असते. त्यात कर्जदाराचे नाव, थकीत रक्कम आणि ‘या मालमत्तेबाबत कोणीही व्यवहार करू नये’ असा इशारा असतो. हीच नोटीस दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. बऱ्याचदा हा ताबा प्रतीकात्मक म्हणजे कागदोपत्री असतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम 14 खाली जिल्हादंडाधिकाऱ्याकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते. नोटीस लागल्यापासून पोलीस बंदोबस्तात कुलूप तोडले जाईपर्यंतचा हा मधला काळ हाच भाडेकरूचा हालचाल करण्याचा काळ.

इथे सगळा निकाल तारखांवर लागतो. गहाण आधी की पट्टा आधी, आणि पट्टा गहाणानंतरचा असेल तर मागणी नोटिशीच्या आधीचा की नंतरचा?

एकाच इमारतीत तिघेजण आहेत असे समजा. मालकाने इमारत 2020 मध्ये गहाण ठेवली आणि 2024 मध्ये मागणी नोटीस आली. तळमजल्यावर 1985 पासून पागडीचे दुकान आहे. पहिल्या मजल्यावर 2022 मध्ये पाच वर्षांच्या नोंदणीकृत पट्ट्यावर घेतलेले कार्यालय आहे. दुसऱ्या मजल्यावर अकरा महिन्यांच्या परवान्यावर एक कुटुंब राहते.

दुकानदाराची बाजू सर्वांत भक्कम. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या प्रकरणात सांगितले की भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षण दिलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर काढता येत नाही. पण 2019 च्या बजरंग अग्रवाल विरुद्ध सेंट्रल बँक या निकालाने त्याला मर्यादा घातल्या. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा हक्क सांगायचा तर नोंदणीकृत दस्त हवा, आणि तोंडी भाडेकरारावर ऐन वेळी उभ्या केलेल्या दाव्यांना संरक्षण नाही, असा त्याचा रोख आहे. मालक आणि कर्जदारांचे नातेवाईक जुन्या तारखांच्या पावत्या घेऊन उभे राहत, त्यामुळे न्यायालयाची ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. खऱ्या दुकानदाराने म्हणूनच जुन्या भाडेपावत्या, वीजबिले, दुकान परवाना आणि कराच्या पावत्या जपून ठेवाव्यात. गहाणाच्या कितीतरी आधीपासूनचा ताबा त्यातूनच दिसतो.

कार्यालयाचा पट्टा नोंदवलेला असला तरी तो गहाणानंतरचा आहे. हस्तांतरण कायद्याचे कलम 65अ गहाण ठेवलेली इमारत भाड्याने द्यायला परवानगी देते, पण मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नको, भाडे रास्त हवे, पागडी किंवा आगाऊ भाडे घेतलेले नको, अशा अटींवर. शिवाय गहाणखतात याउलट ठरले असेल तर ही परवानगीही उरत नाही. ‘बँकेच्या लेखी संमतीशिवाय भाड्याने देणार नाही’ हे कलम गहाणखतात बहुधा असतेच. पाच वर्षांचा हा पट्टा दोन्हीकडे अडकतो आणि बँकेवर बंधनकारक राहत नाही. मागणी नोटिशीनंतर केलेला पट्टा तर कलम 13(13) मुळे बँकेच्या लेखी संमतीशिवाय टिकतच नाही. कार्यालयवाल्याच्या हातात उरते ती मालकाविरुद्ध नुकसानभरपाई, आणि तो मालक तर आधीच बुडालेला.

दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला जागेत हक्कच नाही. बँकेशी किंवा लिलावात घेणाऱ्याशी बोलून महिना-दोन महिने मागून घेणे, एवढाच व्यवहार्य मार्ग त्यांच्यापुढे आहे. सुट्या फ्लॅटच्या लिलावात खरेदीदाराला रिकामी जागा हवी असते, त्यामुळे शांतपणे तारीख ठरवून दिली तर वेळ बऱ्याचदा मिळतो.

भाडेकरूने दाद मागायची ती कर्ज वसुली न्यायाधिकरणात, कलम 17 खाली, ताब्याची कारवाई झाल्यापासून 45 दिवसांत. दिवाणी न्यायालयाचा रस्ता इथे बंद आहे. 2014 च्या हर्षद सोंडागर प्रकरणात भाडेकरूला न्यायाधिकरणाकडून ताबा परत मिळण्याची सोय कायद्यात नाही हे उघड झाले. त्यानंतर 2016 च्या दुरुस्तीने कलम 17(4अ) आले. पट्टा संपला आहे का, तो कलम 65अ किंवा गहाणखताच्या अटींविरुद्ध आहे का, मागणी नोटिशीनंतरचा आहे का, हे न्यायाधिकरण आता तपासते. यातले काहीच नसेल तर पट्टा मुदत संपेपर्यंत चालतो आणि बँक किंवा लिलावातला खरेदीदार भाडे घेणारा नवा मालक होतो.

हे सगळे जागा घेण्यापूर्वी तपासता येते. मूळ दस्तऐवज ठेवून केलेल्या गहाणाची सूचना महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मालमत्तेचा शोध घेतला की ती दिसू शकते. सर्साई या केंद्रीय नोंदवहीतही थोड्या शुल्कात बोजा पाहता येतो. घरावर कर्ज असल्याचे दिसले तर ‘भाड्याने द्यायला बँकेची संमती आहे का’ हे मालकाला विचारावे आणि संमतीपत्राची प्रत कराराला जोडावी. मोठे डिपॉझिट देऊन भाडे कमी ठेवण्याचा व्यवहार असेल, तर हा शोध घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जप्तीनंतर ती रक्कम बुडीत मालकाकडूनच मागावी लागते.