एफएम प्रसारणातील प्री-एम्फसिस व डी-एम्फसिस

एफएम रेडिओतील बारीक 'स्स्स' आवाज, म्हणजे वरच्या कंप्रतांवरची सळसळ, कमी करण्यासाठी वापरली जाणारी जोड-प्रक्रिया. केंद्रात प्रक्षेपणापूर्वी आवाजातील वरच्या कंप्रता ठरलेल्या प्रमाणात चढवतात, हे प्री-एम्फसिस. रेडिओ संचात त्या नेमक्या तेवढ्याच उतरवतात, हे डी-एम्फसिस. कार्यक्रम त्यामुळे मूळ तोलावर परत येतो. सळसळ मात्र वाटेत मिसळलेली असते, ती चढवलेली नसते. त्यामुळे ती फक्त उतरते.

एफएममध्ये सळसळ वरच्या कंप्रतांवरच का साठते, हे कळल्याशिवाय या युक्तीचे मर्म कळत नाही. कार्यक्रम वाहून संचात आणणाऱ्या कॅरियर लहरीवर थोडा गोंगाट बसला की तिची कला, म्हणजे फेज, किंचित पुढे-मागे हलते. हे हलणे सर्व कंप्रतांना साधारण सारखेच असते. पण त्या लहरीतून आवाज वेगळा काढणारे संचातले मंडळ, म्हणजे डिस्क्रिमिनेटर, कला मोजत नाही, ती किती वेगाने बदलते ते मोजते. तेवढीच थरथर दहापट झपाट्याने झाली, तर बदलण्याचा वेगही दहापट होतो. म्हणून डिस्क्रिमिनेटरमधून निघणाऱ्या गोंगाटाचा व्होल्टेज कंप्रतेच्या सरळ प्रमाणात वाढत जातो: १ किलोहर्ट्झला जेवढा, त्याच्या दहापट १० किलोहर्ट्झला. आलेखावर हा गोंगाट त्रिकोणासारखा दिसतो. बोलण्यात आणि संगीतात नेमके उलटे असते. त्यांची बहुतेक ऊर्जा खालच्या आणि मधल्या पट्टीत असते, वर ती विरळ होत जाते. जिथे कार्यक्रम दुबळा तिथेच गोंगाट दांडगा, अशी ही गाठ आहे.

चढ किती द्यायचा हे एका कालस्थिरांकाने ठरते. भारतात आणि युरोपात तो ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेत ७५. चढ जिथून जाणवू लागतो ती वळणाची कंप्रता 1/(2πτ) या सूत्राने मिळते; τ म्हणजे हाच कालस्थिरांक. ५० मायक्रोसेकंदांसाठी ती सुमारे ३.२ किलोहर्ट्झ येते. तिच्या बऱ्याच खाली चढ जवळजवळ नसतो, वर तो वाढत जातो आणि १० किलोहर्ट्झला १०.४ डेसिबल, १५ किलोहर्ट्झला १३.७ डेसिबल होतो. संचातला उतार देणारे मंडळ याहून साधे काय असणार: एक रोध आणि एक धारित्र. ५.१ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड यांचा गुणाकार ५१ मायक्रोसेकंद येतो, तेवढे पुरते. मोनो आवाजात १५ किलोहर्ट्झपर्यंतच्या एकूण गोंगाटाची शक्ती या दोन सुट्या भागांमुळे सुमारे १० डेसिबलने, म्हणजे एक दशांशावर येते.

ही बचत किती टिकते ते ठाण्यात सहज तपासता येते. घोडबंदर रस्त्याच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर उभा आहे. मुंबईतील केंद्रांची लहर काही वसाहतींत त्याच्या आडोशाने क्षीण होऊन पोहोचते. समजा, अशा घरात एफएम गोल्ड १००.७ मेगाहर्ट्झवर लावले आहे आणि संच स्टेरिओवर आहे. निवेदन स्वच्छ कळते, पण दोन वाक्यांच्या मध्ये सळसळ उठते. संचावर मोनोची कळ असेल तर ती दाबावी. बहुतेक वेळा सळसळ एकदम मागे सरते. याचे कारण पुन्हा तोच त्रिकोण आहे. स्टेरिओतील डाव्या-उजव्या आवाजांचा फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे मुख्य आवाजाच्या वर ठेवलेल्या दुय्यम वाहक लहरीवर, २३ ते ५३ किलोहर्ट्झ या पट्ट्यात बसवलेला असतो, म्हणजे त्रिकोणाच्या उंच भागात. उलगडून खाली आणल्यावर तिथला गोंगाट त्रिकोणी राहत नाही, जवळजवळ सपाट होतो. सपाट गोंगाटातला बराच हिस्सा खालच्या कंप्रतांत असतो आणि तिथे डी-एम्फसिसचा हात पोहोचत नाही. त्यामुळे या वाहिनीत त्याची बचत १० डेसिबलची नसते, जेमतेम साडेपाच उरते. दुबळ्या संदेशावर पुष्कळ संच आपोआप मोनोकडे झुकतात ते याच कारणाने.

कळ दाबूनही आवाज सुधारला नाही आणि सळसळीऐवजी 'टप-टप' अशी खरखर राहिली, तर दुखणे वेगळे आहे. कॅरियर गोंगाटापेक्षा साधारण १० डेसिबलपेक्षा कमीच वर असली की एफएमचा उंबरठा ओलांडला जातो. गोंगाट अधूनमधून कॅरियरवर मात करतो, कला एक पूर्ण फेरा मारते आणि डिस्क्रिमिनेटरमधून अणकुचीदार ठोका बाहेर पडतो. अशा ठोक्याची ऊर्जा सर्व कंप्रतांवर पसरलेली असते. डी-एम्फसिसने तो बोथट होतो, नाहीसा होत नाही. इथे इलाज अँटेनाचाच: तार लांबवणे, गॅलरीत नेणे, खिडकीची बाजू बदलणे.

या युक्तीची किंमत केंद्राला मोजावी लागते. प्रक्षेपणात कॅरियरचे विचलन, म्हणजे आवाजामुळे तिची कंप्रता मूळ जागेपासून जितकी सरकते ते अंतर, ७५ किलोहर्ट्झच्या पुढे जाऊ द्यायचे नसते. १ किलोहर्ट्झचा सूर हे पूर्ण विचलन देत असेल, तर तेवढ्याच पातळीचा १० किलोहर्ट्झचा सूर प्री-एम्फसिसनंतर तिपटीहून जास्त विचलन मागेल. संगीतात वरच्या कंप्रता विरळ असतात या गृहीतावर सगळा हिशेब चालतो, आणि भजनातले टाळ ते गृहीत मोडतात. मृदंग आणि गायकाचा आवाज मापात असताना टाळांची झांज एकदम वर उसळते. म्हणून केंद्रात प्री-एम्फसिसनंतर अशा उसळ्या हद्दीत दाबून ठेवणारा मर्यादक बसवावा लागतो. तो ढिलाईने लावला तर विचलन हद्द सोडते. फार कसून लावला तर टाळ वाजताना त्यांची धार जाते, किंवा 'स' आणि 'श' चिरकतात. असा चिरका 'स' ऐकून श्रोता आपल्या संचाला दोष देतो, पण तो दोष प्रक्षेपणातच शिजून आलेला असतो.

दोन्ही बाजूंचे कालस्थिरांक जुळले नाहीत तर काय होते, हेही कानाला कळते. अमेरिकेतून आणलेला ७५ मायक्रोसेकंदांचा संच ठाण्यात लावला तर १० किलोहर्ट्झला उतार सव्वातीन डेसिबलने जास्त पडतो. आवाज किंचित दबलेला लागतो, पण सळसळही कमी असते, त्यामुळे कित्येकांना तो 'मऊ' म्हणून आवडतो. डी-एम्फसिस मुळात नसले तर मात्र चूक लपत नाही. संगणकाला यूएसबी रिसीव्हर जोडून स्वतः एफएम उलगडणाऱ्यांच्या हातून हे हमखास होते: आवाज पत्र्यासारखा, 'स' टोचणारे आणि सळसळ भरपूर. सेकंदाला ४८,००० नमुने घेत असल्यास इलाज दोन ओळींचा आहे:

```
a = exp(-1/(48000*50e-6))   # 0.659
y[n] = (1-a)*x[n] + a*y[n-1]
```

हा गाळणीचा टप्पा स्टेरिओ उलगडल्यानंतर, डाव्या व उजव्या वाहिनीवर स्वतंत्रपणे लावायचा असतो. डिस्क्रिमिनेटरला लागूनच लावला तर ३८ किलोहर्ट्झभोवतीचा पट्टा वीसेक डेसिबलने दबतो, स्टेरिओ उलगडायला आधार देणारा १९ किलोहर्ट्झचा पायलट सूरही क्षीण होतो आणि हाती फक्त मोनो उरते. स्वस्त मोनो संचात रोध-धारित्राची जोडी तिथेच असते आणि तिथे ती योग्यही असते. अशा संचाला बाहेरून स्टेरिओ डीकोडर जोडायचा असेल, तर आवाज त्या जोडीच्या आधीच्या बिंदूवरून घ्यावा लागतो.