लाल विंचवाचा दंश आणि हृदयाच्या एका ठोक्याचे गणित

हृदयाचे डावे निलय एका ठोक्यात जेवढे रक्त महाधमनीत ढकलते, त्याला स्ट्रोक व्हॉल्यूम म्हणतात. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ पडलेला असताना निलय आकुंचनापूर्वी साधारण 120 मिलिलिटर रक्ताने भरलेले असते आणि आकुंचन संपल्यावर त्यात सुमारे 50 मिलिलिटर शिल्लक राहते. म्हणजे बाहेर पडले 70 मिलिलिटर. नाडी मिनिटाला 72 धरली, तर शरीराला मिनिटाला पाच लिटर रक्त मिळते. हा 70 चा आकडा कमी-जास्त करणाऱ्या गोष्टी तीन आहेत. निलय किती भरले आहे, हा प्रीलोड म्हणजे पूर्वभार. रक्त बाहेर ढकलताना किती विरोध होतो, हा आफ्टरलोड म्हणजे पश्चभार. आणि हे दोन्ही तेवढेच ठेवले तरी स्नायू स्वतः किती जोराने आकसू शकतो, ही त्याची आकुंचनक्षमता.

या तिन्ही गोष्टी एकाच रुग्णात, काही तासांच्या अंतराने एकामागून एक बिघडताना पाहायच्या असतील, तर कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाइतके स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असते, पण जिवावर बेततो तो हा लहानसा, तांबूस विंचू.

नमुन्यादाखल एक रुग्ण घेऊ. तिशीतला शेतमजूर, मे महिन्याची संध्याकाळ, गडग्याचा ढासळलेला जांभा उचलताना बोटाला दंश. दंशाच्या जागी दुखते, पण असह्य नाही. अर्ध्या-पाऊण तासात त्याला दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, दोन-तीन उलट्या होतात आणि हातपाय थंडगार पडतात. विंचवाच्या विषातील प्रथिने चेतातंतूंच्या टोकांवरील सोडियमची दारे लवकर बंद होऊ देत नाहीत, त्यामुळे तंतू वारंवार उत्तेजित होतात आणि रक्तात अ‍ॅड्रेनलीन व नॉरअ‍ॅड्रेनलीन यांचा पूर येतो. घाम आणि थंड पडलेले हात ही त्याच पुराची खूण आहे. अनुभवी डॉक्टर म्हणूनच दंशाच्या जागेपेक्षा रुग्णाचा तळहात आधी धरून पाहतात. नुसतेच असह्य दुखत असून अंग कोरडे आणि उबदार असेल, तर चिंता बरीच कमी असते.

पहिला फटका बसतो तो पश्चभाराला. नॉरअ‍ॅड्रेनलीन लहान धमन्यांच्या भिंतींवरील अल्फा ग्राहींना चिकटते आणि त्या धमन्या आवळल्या जातात. समजा रक्तदाब 120/80 वरून 180/120 वर गेला. महाधमनीची झडप उघडण्यासाठी निलयाला एरवी आतला दाब 80 च्या वर न्यावा लागतो, आता तो 120 च्या वर न्यावा लागतो. स्नायूची बरीचशी ताकद हा दाब उभा करण्यातच खर्ची पडते आणि तंतू प्रत्यक्ष आखूड होण्यासाठी थोडीच उरते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने अर्धे दाबून दट्ट्या मारून पाहावा. हाताचा जोर तोच असतो, पण दट्ट्या अर्ध्यावरच अडतो. निलयाचेही तसेच होते आणि आकुंचन संपल्यावर आत 50 ऐवजी, समजण्यासाठी धरू, 100 मिलिलिटर रक्त पडून राहते.

इथे पूर्वभार आपोआप मधे येतो. शिल्लक रक्तात फुप्फुसांकडून येणाऱ्या नव्या रक्ताची भर पडते आणि पुढच्या ठोक्याआधी निलय 120 ऐवजी 140 मिलिलिटरपर्यंत ताणले जाते. ताणलेला हृदयस्नायू अधिक जोराने आकसतो, हे जर्मनीतील ओटो फ्रँक यांनी 1895 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवले आणि लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1914 च्या सुमारास कुत्र्याच्या हृदयावर सविस्तर मांडले. हा नियम समजावताना गलोलीच्या रबराची उपमा सर्रास दिली जाते, पण मला ती अपुरी वाटते. रबर त्यात साठवलेली ओढ परत देते; हृदयस्नायू मात्र ताणला गेल्यावर त्याच्या आतील तंतूंची मांडणी बदलते आणि तेवढ्याच कॅल्शियमला तो अधिक तीव्र प्रतिसाद देतो. जोर ताणातून थेट येत नाही, ताणामुळे वाढलेल्या संवेदनशीलतेतून येतो.

या नियमाचे रोजचे काम दोन्ही निलयांचा मेळ राखणे हे आहे, आणि ते किती नाजूक आहे हे एका हिशेबाने कळते. उजवे निलय फुप्फुसांकडे दर ठोक्याला 70 मिलिलिटर पाठवते आहे आणि डावे त्यातले 69 च पुढे सरकवते आहे असे धरा. नाडी 100 असेल, तर एका मिनिटात 100 मिलिलिटर आणि दहा मिनिटांत एक लिटर रक्त फुप्फुसांत अडकेल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण मागे साठलेले रक्त डाव्या निलयाला जास्त भरते आणि ते पुढच्याच काही ठोक्यांत जास्त फेकून हिशेब जुळवते. आपल्या रुग्णातही हाच प्रयत्न चालू आहे. फक्त त्याची किंमत मोठी आहे, कारण निलय जास्त भरायचे तर त्यातला दाब वाढतो आणि तो दाब उलट दिशेने फुप्फुसांच्या केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. एरवी तिथला दाब 10 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. तो झपाट्याने 25 च्या पुढे गेला, की द्रव वायुकोशांत झिरपू लागतो. आपला मजूर आता आडवा पडू शकत नाही, खोकतो आहे, पाठीला स्टेथोस्कोप लावला तर फुप्फुसांच्या तळाशी बारीक करकर ऐकू येते. पुढे गुलाबी फेस येतो. शिवाय नॉरअ‍ॅड्रेनलीनने शिराही आवळल्या आहेत, त्यामुळे हातापायांतले आणि पोटातले रक्त छातीकडे ढकलले जाऊन पूर्वभार आणखी वाढतो.

या क्षणी त्याचे निलय 140 मिलिलिटर भरते, 100 ठेवते आणि फक्त 40 पुढे टाकते. नाडी 110 असल्याने मिनिटाला 4.4 लिटर रक्त मिळते, म्हणजे वेगवान नाडी ठोक्यातली तूट बरीचशी झाकून टाकते. रक्तदाबाचा आकडाही असाच फसवतो. रक्तदाब हा बाहेर पडणारे रक्त आणि वाहिन्यांचा विरोध यांच्या गुणाकाराने ठरतो. स्ट्रोक व्हॉल्यूम घसरू लागला की आवळलेल्या धमन्यांसहही तो काही काळ 120/80 इतका सभ्य दिसू शकतो. तेव्हा खरे सांगतो तो रुग्णाचा गार पडलेला पाय.

तिसरा घटक शेवटी कोसळतो. सुरुवातीला अ‍ॅड्रेनलीनमुळे आकुंचनक्षमता वाढलेली असते, पण हा मारा तासन्‌तास चालला तर हृदयस्नायूच्या पेशींना कॅल्शियमचा अतिरेक आणि प्राणवायूचा तुटवडा दोन्ही सोसावे लागतात. इकोकार्डिओग्राफीत निलयाची भिंत मंद हललेली दिसते. आता पूर्वभार कितीही वाढवला तरी स्टार्लिंगचा आलेख जवळजवळ सपाट झालेला असतो. अधिक भरल्याने अधिक रक्त बाहेर पडत नाही, फक्त फुप्फुसे अधिक ओली होतात. रुग्ण वाचला तर ही दुर्बलता बहुधा काही दिवसांत ओसरते.

महाडच्या परिसरात काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी हे रुग्ण वर्षानुवर्षे रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले. अशा रुग्णांना प्राझोसिन दिल्याचा त्यांचा अनुभव 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबावरची ही साधी गोळी अल्फा ग्राही अडवते. धमन्या सैल होतात, पश्चभार उतरतो. शिराही सैल होतात, त्यामुळे छातीत दाटलेले रक्त पुन्हा पसरते. हृदयाच्या स्नायूला ती थेट जोर देत नाही. तरीही आपल्या रुग्णाचे आकडे काही तासांत असे बदलतील: भरताना 130 मिलिलिटर, शिल्लक 70, बाहेर 60. नाडी 100 वर उतरली तरी मिनिटाला सहा लिटर. हृदयाला जास्त राबवले नाही, समोरचे दार मोकळे केले, एवढ्यानेच ठोका दीडपट झाला. मला या उपचारातले सगळ्यात मोलाचे वाटते ते हेच, की दमलेल्या हृदयाला चाबूक मारण्याऐवजी त्याची अडचण कुठे आहे हे आधी ओळखले गेले. पुढे डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 2011 मध्ये दाखवले, की प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविष लसही दिली तर रुग्ण अधिक लवकर सावरतो. लस रक्तात मोकळे असलेले विष निष्प्रभ करते आणि गोळी विषाने आधीच घडवलेला परिणाम उलटवते.

उलट, धडधड पाहून बीटा ब्लॉकर दिला तर काय होईल हेही याच गणितातून कळते. तो आकुंचनक्षमता आणि नाडी दोन्ही खाली आणतो, अल्फा ग्राहींवरचा मारा मात्र तसाच राहतो. म्हणजे आवळलेल्या धमन्या तशाच आणि त्यांच्याशी झगडणारे हृदय आणखी दुबळे.

याच कसोट्या इतर आजारांतही लावता येतात, पण प्रत्येक ठिकाणी बिघाड निराळा असतो. डेंग्यूच्या गंभीर रुग्णात रक्तद्रव वाहिन्यांतून पाझरून जातो, निलय रिकामे राहते आणि स्नायू धडधाकट असूनही ठोका लहान पडतो. तिथे मोजूनमापून सलाइन देणे हेच औषध. महाधमनीची झडप वर्षानुवर्षे अरुंद होत गेली तर पश्चभार इतका हळूहळू वाढतो, की निलयाची भिंत जाड होऊन त्याला तोंड देते, आणि बाहेरचा रक्तदाब अगदी सामान्य असतानाही आतले निलय प्रचंड दाबाविरुद्ध झगडत असते. तिथे धमन्या सैल करणारे औषध बेतानेच द्यावे लागते, कारण खरा अडथळा झडपेत आहे आणि तो गोळीने हलत नाही.

प्राझोसिनचाही एक धोका आहे आणि तो पूर्वभाराचाच आहे. घाम आणि उलट्या यांमुळे विंचूदंशाच्या रुग्णाच्या शरीरातले बरेच पाणी गेलेले असते. शिरा आवळलेल्या असेपर्यंत ही तूट लपून राहते. पहिल्या गोळीने त्या सैल झाल्या आणि रुग्ण तेवढ्यात उठून बसला, तर रक्त पायांकडे उतरते, निलय भरत नाही आणि रक्तदाब एकदम कोसळतो. म्हणून उलट्या थांबताच रुग्णाला तोंडाने पाणी आणि जलसंजीवनी देतात, गोळीनंतरचे पहिले काही तास त्याला उठू देत नाहीत, आणि दंश झालेले मूल कितीही रडले तरी त्याला उचलून कडेवर घेऊ नका, त्याच्या शेजारी आडव्या होऊन थोपटा, असे आईला बजावून सांगावे लागते.